काळे पापुद्रे आणि हरवलेला बास

हेडफोन काढल्यावर कानाला काळे पापुद्रे चिकटलेले दिसले, की गादीचं कृत्रिम चामडं घामाने आणि दमट हवेने विरलं असं समजावं. अशी गादी कानाभोवती घट्ट बसत नाही. मग बास पातळ होतो, बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि आपण उगाच स्पीकरला दोष देतो.

बोसच्या क्यूसी ३५ मध्ये गादी नुसती खटक्यांवर बसते. कडेखाली बोट घालून ती हळूच ओढावी. नवी ठेवून कडेकडेने दाबत जावं; प्रत्येक खटका ‘टक्’ असा बसला पाहिजे. एखादा राहिला तर तिथे फट उरते.

डोक्यावरची गादी मात्र बऱ्याचदा चिकटवलेली असते. ती उचकटण्यापेक्षा वरून चेनचं कव्हर चढवणं मला बरं वाटतं.