विमा कार्यालयाच्या ग्राहक मेळाव्यातले आभारप्रदर्शन

आभारप्रदर्शन कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरे असते. त्यानंतर राष्ट्रगीत, वंदे मातरम् किंवा पसायदान आणि मग अल्पोपाहार. तोवर दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगते आणि अध्यक्षीय भाषण होऊन गेलेले असते, आणि मागच्या बाजूच्या टेबलांवरून बटाटेवड्याचा वास येऊ लागलेला असतो. म्हणून हे भाषण दोन-तीन मिनिटांत संपावे लागते. लिहून काढले तर फुलस्केप कागदाची जेमतेम एक बाजू भरते. कागदावर तेवढेच असेल तर बोलणारा सहसा भरकटत नाही.

इतर समारंभांत आभारांचा रोख व्यासपीठाकडे असतो आणि श्रोत्यांच्या वाट्याला शेवटचे अर्धे वाक्य येते. विमा कार्यालयाच्या ग्राहक मेळाव्यात हा क्रम बदलावा लागतो, कारण मेळावा समोर बसलेल्यांसाठीच भरवलेला असतो. प्रमुख पाहुण्यांचे आभार रिवाजाप्रमाणे आधी मानावेत, पण एका वाक्यात. भाषणाचा निम्मा वेळ ग्राहकांना द्यावा. उरलेला वेळ विमा प्रतिनिधी, कार्यालयातले सहकारी, आणि हॉल, माईक व खाण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांचा.

ग्राहकांचे आभार नेमके कशाबद्दल मानायचे, ही या भाषणातली अवघड जागा आहे. ‘आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल’ हे वाक्य पतपेढीतही चालते आणि सराफाच्या पेढीवरही, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नाही. विम्याच्या व्यवहारात मात्र ग्राहक काही ठरावीक गोष्टी करतात, ज्यांच्यावाचून छोट्या कार्यालयाचे काम अडते. ते लग्नानंतर किंवा घरातल्या मृत्यूनंतर नॉमिनीचे नाव बदलून घेतात. पत्ता आणि मोबाइल नंबर बदलला की कळवतात. प्रस्ताव अर्जात आजार लपवत नाहीत. शेजारच्या घरात कर्ता माणूस गेला, तर मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि बँक पासबुकाची प्रत गोळा करून त्या कुटुंबाला कार्यालयापर्यंत घेऊन येतात. अशा एखाद-दोन गोष्टींचा उल्लेख झाला की लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकतात.

हप्ते वेळेवर भरल्याबद्दल आभार मानणे सरळ वाटते, पण तिथे सांभाळावे लागते. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्यासाठी साधारणपणे 30 दिवसांची आणि मासिक हप्त्यासाठी 15 दिवसांची सवलतीची मुदत मिळते. तीही उलटली की पॉलिसी लॅप्स होते. सभागृहात अशी पॉलिसी असलेले लोकही बसलेले असतात. पीक गेले, नोकरी गेली, घरात आजारपण आले, म्हणून हप्ता राहिलेला असतो. वेळेवर भरणाऱ्यांचीच स्तुती झाली तर या मंडळींना पाहुणचारात टोमणा ऐकल्यासारखे वाटते. ‘अडचणीच्या वर्षांतही पॉलिसी टिकवण्यासाठी ज्यांनी धडपड केली, त्या सर्वांचे’ अशा शब्दांत दोघेही सामावतात.

त्याहून जपण्याची बाब म्हणजे क्लेम. कार्यालयाने त्या वर्षी एखाद्या विधवेला रक्कम तत्परतेने मिळवून दिलेली असते, आणि ते सांगण्याचा मोह स्वाभाविक असतो. पण नाव आणि रक्कम जाहीर झाली की दुसऱ्या दिवसापासून त्या घरी उसने मागणाऱ्यांची आणि पैसे गुंतवायला सांगणाऱ्यांची रीघ लागते. तालुक्याच्या गावात नाव न घेता ‘बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराचे कुटुंब’ एवढे म्हटले तरी सगळ्यांना कळते. सर्वांत मोठा हप्ता भरणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानणेही याच कारणाने टाळावे, कारण हप्त्यावरून मिळकतीचा अंदाज बांधता येतो. नाव घ्यायचेच असेल तर त्या व्यक्तीला आधी विचारावे आणि तिने मान्य केले तेवढेच बोलावे.

तिसरी मर्यादा कायद्याची आहे. विमा कायदा, 1938 मधील कलम 41 नुसार पॉलिसी घ्यावी, नूतनीकरण करावे किंवा चालू ठेवावी यासाठी कमिशनमधला वाटा किंवा हप्त्यात सूट देऊ करता येत नाही. तसे करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मेळाव्याचा चहा-नाश्ता सर्वांसाठी सारखाच असतो, त्यात आमिष नसते. पण आभाराच्या भरात कुणी ‘आज जे नवी पॉलिसी घेतील त्यांचा पहिला हप्ता आमच्याकडून’ असे बोलून गेला, तर तो थेट या कलमाच्या कक्षेत येतो. ‘यंदा बोनस नक्की वाढेल’ हे वाक्यही तितकेच धोक्याचे, कारण बोनस जाहीर करणे कंपनीच्या हाती असते, स्थानिक कार्यालयाच्या नव्हे. ग्राहक मात्र ते बोलणे लक्षात ठेवतात आणि पुढे काउंटरवर त्याचा जाब विचारतात.

समजा, तालुक्याच्या गावातले आयुर्विम्याचे एक छोटे कार्यालय आहे, सभागृहात शंभरेक ग्राहक आहेत आणि पाहुणे म्हणून ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आले आहेत. तिथले आभार असे होऊ शकतात: ‘डॉक्टरसाहेबांनी रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका म्हणून सांगितले, ते आम्ही सारे घरी घेऊन जातो आहोत, त्यांचे मनापासून आभार. आज आभार मानायचे आहेत ते मुख्यतः आपले. आपण कामधंदा सोडून नॉमिनीची नोंद करायला आलात. शेजाऱ्याच्या दुःखात त्याची कागदपत्रे घेऊन आमच्या दारी आलात. सर्व्हर बंद होता तेव्हा बाकावर बसून राहिलात आणि आम्हाला सांभाळून घेतलेत. अडचणीच्या वर्षांतही पॉलिसी टिकवण्यासाठी आपण केलेली धडपड आम्ही जवळून पाहिली आहे. आपले सर्वांचे आभार. वाड्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या आमच्या विमा प्रतिनिधींचे, आणि सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या आमच्या शिपाईमामांचे आभार. राष्ट्रगीतासाठी उभे राहू या. त्यानंतर सर्वांनी अल्पोपाहार घेऊनच जावे.’

यात डॉक्टरांविषयीचे वाक्य घरून लिहून आणता येत नाही. ते भाषण ऐकतानाच टिपावे लागते, आणि बोलणाऱ्याने खरोखर ऐकले होते हे त्यावरूनच दिसते. सर्व्हरचा उल्लेख कार्यालयाची उणीव मान्य करतो, म्हणून आभार खरे वाटतात. अल्पोपाहाराची घोषणा अगदी अखेरीस आहे. ती आधी झाली की खुर्च्या वाजू लागतात आणि प्रतिनिधींची नावे त्या आवाजात बुडतात. ‘आभार न मानता आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ ही नेहमीची सांगता इथे मुद्दाम टाळली आहे. तिच्या आडून ज्यांची नावे घ्यायला हवीत तीच राहून जातात.

नावांची चिठ्ठी कार्यक्रम सुरू असताना पुन्हा तपासावी लागते. पाहुणे मध्येच उठून गेलेले असतात, ऐनवेळी कुणी दुसरेच आलेले असते, आडनावाचा उच्चार चुकतो. तरीही नाव राहिलेच, तर ‘अनवधानाने राहिले असल्यास क्षमस्व’ एवढ्यावर भागवू नये. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच शाखाधिकाऱ्यांनी त्या व्यक्तीला स्वतः फोन करावा, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत ते नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे.