सांधा बिघडल्यावरच दिसणारा आजार

हिमोफिलिया म्हटलं की बहुतेकांना बोट कापल्यावर न थांबणारं रक्त आठवतं. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टातली व्याख्याही याच समजुतीवर उभी आहे. हा आनुवंशिक आजार सहसा फक्त पुरुषांना होतो, स्त्रियांकडून त्यांच्या मुलग्यांकडे जातो आणि त्यात लहानशी जखमही जिवावर बेतू शकते, असं तिथे म्हटलं आहे. हा धोका खरा आहे. पण ज्या घरात हा आजार आहे, त्या घरातल्या आईला विचारलं तर ती कापलेल्या बोटाबद्दल फारसं बोलणार नाही. बोट दाबून धरता येतं. ती गुडघ्याबद्दल बोलेल, घोट्याबद्दल, कोपराबद्दल. तिथलं रक्त बाहेर येत नाही आणि दाबूनही धरता येत नाही.

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना ‘फॅक्टर’ म्हणतात. हिमोफिलिया ‘ए’मध्ये आठव्या क्रमांकाचा फॅक्टर कमी असतो, ‘बी’मध्ये नवव्या क्रमांकाचा. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला ‘ए’ प्रकार असतो. फॅक्टरचं प्रमाण निरोगी माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी असेल तर आजार तीव्र समजला जातो. अशा मुलाला काही लागण्याचीही गरज नसते. दिवसभर खेळून आलेलं पोर झोपायच्या वेळी म्हणतं, ‘गुडघ्यात काहीतरी होतंय.’ आधी नुसत्या मुंग्या, थोडी ऊब. बाहेरून काहीच दिसत नाही. सकाळपर्यंत गुडघा टम्म फुगतो, पाय सरळ होत नाही. रक्तस्राव ओळखायची खरी वेळ ती रात्रीची असते. सूज दिसेपर्यंत सांध्यात बरंच रक्त साठलेलं असतं. म्हणून अनुभवी डॉक्टर सांगतात की मूल ‘होतंय’ म्हणालं की फॅक्टर आधी द्या, सोनोग्राफी नंतर करा.

किती द्यायचा, हे गणित पालकांना पाठ असतं. वजनाच्या दर किलोमागे आठव्या फॅक्टरचं एक युनिट दिलं की रक्तातली पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. पन्नास किलोच्या मुलाची पातळी चाळीस टक्क्यांपर्यंत न्यायची असेल तर हजार युनिट लागतात. पण हा फॅक्टर शरीरात टिकत नाही. आठ ते बारा तासांत निम्मा उरतो. एका इंजेक्शनने काम भागतंच असं नाही, ते यामुळे. जोडीला बर्फ, विश्रांती, पट्टी आणि पाय उंचावर. ॲस्पिरिन चालत नाही, स्नायूत दिलेलं इंजेक्शनही टाळायचं असतं.

एकच सांधा पुन्हा पुन्हा भरू लागला की खरं नुकसान सुरू होतं. रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तरात साठतं, अस्तर सुजून जाड होतं, त्यात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यातून आणखी सहज रक्त येतं. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन वेळा आपोआप रक्तस्राव झाला तर डॉक्टर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. पुढे कूर्चा झिजते, मांडीचे स्नायू बारीक होतात आणि पंचविशीच्या तरुणाचा गुडघा सत्तरीतल्या माणसासारखा वाकेनासा होतो.

हे सगळं टाळता येतं, आणि माझ्या मते या आजाराबद्दल सर्वांत आधी हेच सांगितलं पाहिजे. रक्त येण्याची वाट न पाहता आठवड्यातून दोन-तीनदा थोडा फॅक्टर देत राहिलं तर पातळी धोक्याच्या रेषेवर राहते. भारतात परवडावी म्हणून किलोमागे दहा-पंधरा युनिटांची कमी मात्राही वापरतात. पंचवीस किलोच्या मुलाला अडीचशे युनिटांची एक कुपी पुरते. ‘ए’ प्रकारासाठी एमिसिझुमॅब हे त्वचेखाली द्यायचं औषधही आलं आहे. ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी घेता येतं आणि फॅक्टरला विरोध करणारी प्रतिद्रव्यं तयार झालेल्या रुग्णांनाही चालतं. अशा उपचारावर लहानपणापासून असलेल्या मुलाचे सांधे शाबूत राहू शकतात.

आता कायद्याकडे येऊ. 2016चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार त्यात पहिल्यांदाच आले. कायदा माणसाकडे दोन पातळ्यांवर पाहतो. ज्याच्या शरीरात दीर्घकाळची कमतरता आहे आणि आजूबाजूच्या अडथळ्यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, ती ‘दिव्यांग व्यक्ती’. तिच्यासाठी टक्क्याची अट नाही. आणि वैद्यकीय मंडळाने यादीतल्या दिव्यांगत्वाचं प्रमाण चाळीस टक्के किंवा जास्त ठरवलं, तर ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’. आरक्षणासारखे लाभ या दुसऱ्या पातळीवर मिळतात.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातला बारावीचा मुलगा डोळ्यांसमोर आणू या. तीव्र हिमोफिलिया ‘ए’, डावा गुडघा थोडा आखडलेला, उजव्या कोपरात वर्षातून काही वेळा रक्त येतं. त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, पण टक्केवारी चाळीसच्या खाली आली. घरी सगळ्यांनी कागद कपाटात ठेवून दिला, की याचा काही उपयोग नाही. इथेच चूक होते. आरक्षण नसलं तरी भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोयी मिळण्याचा हक्क त्याला आहेच. वर्ग तळमजल्यावर घेणं, रक्तस्राव झालेल्या दिवसांची हजेरी वेगळी धरणं, कवायतीऐवजी पोहण्याची परवानगी देणं, या शाळेने मेहेरबानी म्हणून करायच्या गोष्टी नाहीत.

सगळ्यात मोठा प्रश्न परीक्षेचा. लिहिणाऱ्या हाताच्या कोपरात रक्त साठलं तर तीन तास लिहिता येत नाही. चाळीस टक्क्यांखाली लेखनिक मिळणार नाही, असं परीक्षा घेणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ही समजूत मोडली. उमेदवाराला हिमोफिलिया नव्हता. लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. न्यायालयाने सांगितलं की लेखनिक ही वाजवी सोय आहे आणि ती लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लेखनिक आहे, तासाला किमान वीस मिनिटांचा जादा वेळही आहे. मात्र त्यासाठी सरकारी वैद्यकीय मंडळाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि कोपरातलं रक्त परीक्षेच्या आदल्या रात्री येतं तेव्हा मंडळ बसलेलं नसतं. म्हणून ज्या मुलाचा कोपर वारंवार त्रास देतो त्याने फॉर्म भरायच्या वेळीच हे प्रमाणपत्र काढून ठेवावं, त्या दिवशी हात बरा असला तरी. आदल्या सहा महिन्यांतल्या रक्तस्रावांची डे-केअरमधली नोंदवही हा तिथला सर्वांत उपयोगी पुरावा ठरतो: तारीख, सांधा, किती युनिट, किती दिवस हात बंद.

टक्केवारी चाळीसच्या वर गेली तर शिक्षणाचं दार उघडतं. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा आहेत आणि त्यात रक्ताचे आजारही येतात. वैद्यकीय प्रवेशाच्या 2019च्या नियमांनुसार चाळीस ते ऐंशी टक्क्यांमधला हिमोफिलियाचा विद्यार्थी राखीव जागेला पात्र होता, ऐंशीच्या वरचा प्रवेशालाच अपात्र. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या आकड्यावर कुणाला नाकारता येणार नाही; तो अभ्यासक्रम ती व्यक्ती पूर्ण करू शकते का, हे मंडळाने पाहायला हवं. प्रकरण वाचादोषाचं होतं, पण हे तत्त्व सगळ्यांनाच लागू पडतं.

सरकारी नोकरीत मात्र कायद्याने या मुलांची साथ सोडली आहे. कलम 34 खाली चार टक्के जागा राखीव आहेत. त्या अंधत्व, बहिरेपण, चलनवलनाचं दिव्यांगत्व, स्वमग्नता-बौद्धिक दिव्यांगत्व-मानसिक आजार हा गट आणि यांतले एकाहून अधिक असलेले, यांच्यासाठी. रक्ताच्या आजारांना त्यात जागा नाही. हिमोफिलियाच्या तरुणाला तिथे आत जाण्याची एकच वाट उरते, ती चलनवलनाची. सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे, हे मोजून चाळीस टक्के झाले तर तो त्या गटात बसतो. ज्याला लहानपणी फॅक्टर मिळाला नाही, ज्याचे दोन्ही गुडघे गेले, तो पात्र. ज्याच्या आईवडिलांनी आठवड्याला दोनदा टोचून त्याचे सांधे वाचवले, तो अपात्र. पण त्यालाही आयुष्यभर टोचून घ्यायचंच आहे, बदलीच्या गावी फॅक्टर मिळेल का हे आधी पाहायचंच आहे. उपचार यशस्वी झाला की हक्क निसटतो, ही रचना मला अन्यायाची वाटते.

थॅलेसेमियात तर ही एक वाटही सहसा नसते. थॅलेसेमिया मेजरच्या तरुणाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यावं लागतं, त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध घ्यावं लागतं. महिन्यातले एक-दोन दिवस रुग्णालयात जातात आणि त्याआधीचे काही दिवस अंगात त्राण नसतं. पण तो लंगडत नाही. मोजायला सांधाच नाही. त्याच्यासाठी नोकरीतला उपयोगी हक्क आरक्षणाचा नसून वाजवी सोयीचा आहे: रक्त चढवण्याच्या दिवसांची ठरलेली सुट्टी, रुग्णालय असलेल्या गावीच नेमणूक. अर्ज करताना आजाराच्या नावावर थांबू नये. रक्त घेतल्याच्या तारखांचा तक्ता जोडावा आणि नेमकी कोणती सोय हवी ते लिहावं.

प्रमाणपत्र आणि युनिक आयडी कार्डासाठीचा अर्ज swavlambancard.gov.in वर करायचा असतो. हिमोफिलिया असलेल्याने मंडळासमोर जाताना फॅक्टर पातळीचा अहवाल आणि रक्तस्रावांची नोंदवही न्यावीच, शिवाय सांधे आखडले असतील तर हाडांच्या डॉक्टरांकडून चलनवलनाची स्वतंत्र मोजणी व्हावी असं लेखी मागावं. नाहीतर कागदावर नुसतं ‘रक्ताचा आजार’ येतं आणि कलम 34चं दार उघडत नाही. ताज्या सुजेत मोजणी करून घेऊ नये. ती तात्पुरती म्हणून बाजूला सारली जाते. निकाल पटला नाही तर कलम 59 खाली अपील करता येतं.