दोन तक्ते आणि उचलबांगडीची साखळी

लाखो नोंदींतून एक नोंद हवी असेल, तर संगणक सगळी यादी चाळत बसत नाही. नोंदीच्या क्रमांकावर तो एक ठरावीक हिशेब करतो आणि जे उत्तर येईल त्या कप्प्यात थेट जाऊन पाहतो. याला हॅशिंग म्हणतात. अडचण येते ती दोन क्रमांकांचा हिशेब एकाच कप्प्यावर आला की. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे दुसऱ्याला त्याच कप्प्यापाशी रांगेत उभं करणं किंवा जवळच्या मोकळ्या कप्प्यात सरकवणं. एरवी यात काही बिघडत नाही, पण एखादी रांग लांबली की तिच्यातल्या शेवटच्या नोंदीला किती वेळ लागेल याची हमी देता येत नाही.

ही हमी देणारी पद्धत २००१ साली डेन्मार्कमधल्या रास्मुस पाग आणि फ्लेमिंग फ्रीश रोडलर या दोन संशोधकांनी मांडली. तिचं नाव कुकू हॅशिंग. यात एकाऐवजी दोन तक्ते असतात आणि हिशेबाचे नियमही दोन. प्रत्येक क्रमांकाला पहिल्या तक्त्यात एक आणि दुसऱ्यात एक, अशी दोनच घरं असतात. क्रमांक सापडला तर या दोनपैकी एका घरात, नाहीतर तो नाहीच. म्हणजे शोध घेताना दोनहून जास्त कप्पे कधीच उघडावे लागत नाहीत. या सुखाची सगळी किंमत नवी नोंद घालताना मोजावी लागते.

युरोपातल्या कुकू पक्ष्याचं पिल्लू परक्या घरट्यात जन्मतं आणि तिथली आधीची अंडी बाहेर ढकलून देतं. नवा क्रमांकही असाच वागतो. पहिल्या तक्त्यातलं आपलं घर भरलेलं असलं, तरी तो आत शिरतो आणि आधीच्या रहिवाशाची उचलबांगडी करतो. फरक इतकाच, की बाहेर पडलेल्याला दुसऱ्या तक्त्यात त्याचं ठरलेलं घर असतं. तो तिकडे जातो. तेही भरलेलं असेल, तर तिथल्याला उठवतो, आणि तो उठलेला पहिल्या तक्त्यात परततो. मोकळा कप्पा मिळेपर्यंत ही साखळी चालू राहते.

आता हे प्रत्यक्ष करून पाहू. प्रत्येक तक्त्यात ० ते ९ असे दहा कप्पे घेऊ. पहिल्या तक्त्यात कप्पा ठरेल एकक स्थानच्या अंकावरून, दुसऱ्यात दशक स्थानच्या. म्हणजे ४२७ ची घरं पहिल्यातला ७ आणि दुसऱ्यातला २. ४२७, ६५३ आणि ३१८ हे पहिल्या तक्त्यात अनुक्रमे ७, ३ आणि ८ मध्ये बिनबोभाट बसतात. मग ५२३ येतो आणि कप्पा ३ मधून ६५३ ला उठवतो. ६५३ दुसऱ्या तक्त्यात ५ मध्ये जातो. पुढे ९५७ येऊन ४२७ ला उठवतो, तो दुसऱ्यातल्या २ मध्ये बसतो. इथवर प्रत्येक वेळी एकाच उचलबांगडीत काम भागलं.

आता १८७ आला. तो पहिल्यातल्या ७ मधून ९५७ ला काढतो. ९५७ दुसऱ्यातल्या ५ मध्ये जाऊन ६५३ ला काढतो. ६५३ पहिल्यातल्या ३ मध्ये परतून ५२३ ला काढतो. ५२३ दुसऱ्यातल्या २ मधून ४२७ ला काढतो. ४२७ आपल्या जुन्या घरी, पहिल्यातल्या ७ मध्ये परततो, तर तिथे नुकताच आलेला १८७ बसलेला! तोच आता बाहेर पडतो आणि दुसऱ्या तक्त्यातल्या मोकळ्या ८ मध्ये स्थिरावतो. पाच उचलबांगड्या झाल्या, साखळी फिरून सुरुवातीच्या कप्प्यावर आली, तरी सगळ्यांना जागा मिळाली. एकदा फेरा पूर्ण होणं हे अपयशाचं लक्षण नाही, ते यासाठीच.

पुढचा क्रमांक ७८३. तो ६५३ ला उठवतो, ६५३ हा ९५७ ला, ९५७ हा ४२७ ला, आणि हे असंच चालत राहतं. बारा उचलबांगड्यांनंतर ७८३ पुन्हा हातात येतो आणि दोन्ही तक्ते अगदी पहिल्यासारखे असतात. ही साखळी कधीच संपणार नाही. वीस कप्प्यांपैकी सहाच भरलेले असताना असं का व्हावं?

कारण कागदावर दिसतं. प्रत्येक कप्प्याचा एक ठिपका काढा आणि प्रत्येक क्रमांकासाठी त्याची दोन घरं जोडणारी रेघ. ३१८ वेगळा पडतो. उरलेल्या सहा क्रमांकांच्या रेघा मात्र पहिल्या तक्त्यातले ३ आणि ७, दुसऱ्यातले २, ५ आणि ८, एवढ्या पाचच ठिपक्यांत फिरतात. पाच घरांत सहा जण मावणार कसे? नियम सरळ आहे: एकमेकांना जोडलेल्या ठिपक्यांच्या गटात रेघा ठिपक्यांहून जास्त झाल्या, की उचलबांगडीचा कोणताही क्रम कामाचा नाही.

संगणक हे चित्र काढत बसत नाही. तो उचलबांगड्यांची एक मर्यादा ठरवतो. ही मर्यादा तक्त्याच्या आकाराबरोबर वाढते, पण फार हळू, लॉगॅरिदमच्या गतीने. ती ओलांडली की पुनर्बांधणी: हिशेबाचे दोन्ही नियम बदलायचे आणि सगळे क्रमांक पुन्हा बसवायचे. आपल्या उदाहरणात पहिल्या तक्त्यासाठी शतक स्थानचा अंक घेतला, तर सातही क्रमांकांना वेगवेगळे कप्पे मिळतात आणि कोणालाही उठवावं लागत नाही. खऱ्या प्रोग्रॅममध्ये नियमात यादृच्छिक संख्या असतात. पुनर्बांधणीच्या वेळी त्या नव्याने निवडतात.

इथे एक चूक हमखास होते. मर्यादा दहा असती, तर थांबताना हातात ७८३ नव्हे, ४२७ राहिला असता, आणि ७८३ तक्त्यात असता. ‘७८३ बसला नाही’ एवढंच नोंदवून पुढे गेलात, तर ४२७ कायमचा हरवला. म्हणून पुनर्बांधणीआधी हातातला क्रमांक जपायचा.

पुनर्बांधणी किती वेळा लागेल, हे तक्ते किती भरलेत यावर ठरतं. एकूण कप्प्यांच्या निम्म्याहून पुरेशा कमी नोंदी असतील, तर गट छोटे राहतात आणि पुनर्बांधणी विरळा. निम्म्याची रेषा ओलांडली, की सुटे गट अचानक एकमेकांत मिसळून एक प्रचंड गट होतो. यादृच्छिक जाळ्यांचा हा गुण एर्डोश आणि रेन्यी यांनी १९६० साली दाखवला होता. अशा वेळी नियम बदलून उपयोग नाही, तक्तेच मोठे करायला हवेत. उलट तक्ते बरेच रिकामे असूनही पुनर्बांधणी वारंवार होत असेल, तर दोष हिशेबाच्या नियमात आहे. तीन क्रमांकांची दोन्ही घरं तंतोतंत एकच आली, तरी खेळ संपतो.

क्वचित येणाऱ्या अपयशावर २००८ साली कर्श, मिट्झेनमाखर आणि वीडर यांनी सोपा तोडगा सुचवला: तीन-चार नोंदींची एक छोटी राखीव जागा ठेवायची आणि न बसलेला क्रमांक तिथे टाकायचा. शोध घेताना तीही पाहावी लागते, पण पुनर्बांधणीची वेळ फारच क्वचित येते.

तेव्हा शोध सतत आणि भर क्वचित, अशी कामं असतील तर ही पद्धत जरूर वापरा. फक्त तक्ते निम्मे भरण्याची वाट पाहू नका, त्याआधीच ते वाढवा.