मागचे कापा, वरचे राहू द्या

मावशीची शेवटची केमो जानेवारीच्या मध्यावर झाली. मे महिन्यात डोक्यावर केस होते, पण कसे? मानेवर चार सेंटिमीटर, कानांवर पिंजारलेले, आणि भोवऱ्यापाशी जेमतेम अडीच. मागून पाहिलं तर शेपटी फुटल्यासारखं दिसायचं. शेजारच्या काकूंनी सांगून टाकलं, "एकदा गोटा करा, मग दाट येतील." आपल्याकडे हा सल्ला जावळापासून चालत आलेला आहे. पण केसाचं मूळ कातडीखाली असतं, वस्तऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. नव्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. ते हाताला खरखरीत लागतं, म्हणून दाट वाटतं एवढंच. गोटा केला असता तर मावशीचे चार महिने तेवढे फुकट गेले असते.

केस असे खालीवर का येतात? केमोमुळे मुळाशी वेगाने वाढणाऱ्या पेशी थांबतात. औषध बंद झाल्यावर त्या पुन्हा कामाला लागतात, पण सगळ्या एकाच दिवशी नाही. पुढे वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, त्यामुळे आधी जागा झालेला भाग पुढे राहतो. मावशीच्या बाबतीत तो मानेवरचा होता. पुष्कळांच्या बाबतीत तसंच दिसतं. त्यातून पूर्वी सरळ असलेले केस बऱ्याचदा कुरळे येतात, आणि कुरळा केस असतो त्यापेक्षा आखूड दिसतो.

पहिल्या पार्लरमध्ये बाई म्हणाल्या, "सगळे सारखे करून देते." इथेच घोटाळा होतो. सारखे करायचे म्हणजे सगळ्यात आखूड केसाच्या मापाला यायचं, आणि आखूड तर नेमके वरचे! मावशीने मान हलवली नाही हे बरं झालं. लांबी सारखी करायचीच नसते. डोक्याचा आकार नीट दिसला पाहिजे. त्यासाठी खालचे कमी करायचे आणि वरच्यांना हात लावायचा नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या मुलीला हे कळलं. तिने केस कोरडेच ठेवले, कारण ओला कुरळा केस ताणून लांब दिसतो आणि वाळला की वर उडी मारतो. मानेवर तीन नंबरची पट्टी लावून मशीन फिरवलं, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर केस राहिले. तिथून वर जाताना कंगव्यावर केस उचलून, कंगव्याबाहेर येतील तेवढेच कात्रीने. कानावरचे झुपके काढले, पण कानापुढची बट थोडी ठेवली. ती गेली की चेहरा उघडा पडतो. मानेवरची कड वस्तऱ्याने आखली नाही. केस विरळ असले की सरळ रेघ आणखी उठून दिसते, आणि उपचारानंतर कातडी नाजूक असते, चिरायला नको. विरळ करायची दातेरी कात्री तर मावशीनेच लांब ठेवायला सांगितली. आहेत तेच थोडे, त्यांतले आणखी काय काढायचे!

वीस मिनिटांत शेपटी गेली. वरचे अडीच सेंटिमीटर होते तेवढेच होते, पण खालचे दबल्यामुळे ते उंच दिसायला लागले.

घरी एकच अडचण होती, खोबरेल. सकाळी तेल चोपडलं की केस एकमेकांना चिकटतात आणि मधून टाळू चमकते. लावायचंच तर रात्री, आणि सकाळी सौम्य शाम्पूने धुवायचं. मग अर्धओल्या केसांत वाटाण्याएवढं केसांचं क्रीम दोन्ही तळव्यांवर पसरून, भोवऱ्याकडून कपाळाकडे बोटांनी ढकलायचं. भांग पाडायचा नाही. विरळ केसांत भांग म्हणजे टाळूची रेघ. पिना आणि घट्ट हेअरबँडही नकोत, नवे केस ओढले जातात. रंगाचं मावशीने डॉक्टरांवर सोपवलं. त्यांनी परवानगी दिली तरी आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहायची. काळ्या मेंदीलाही हाच नियम, कारण ती काळी होते ती बहुतेकदा रंगामुळेच.

कात्रीने भागत नाही अशाही गोष्टी असतात. रुपयाएवढी गुळगुळीत गोल जागा दिसली तर ती चाई असू शकते. टाळू लाल होऊन खपल्या धरत असतील, किंवा शेवटच्या केमोला सहा महिने होऊनही मोठा भाग रिकामा असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या हार्मोनच्या गोळ्यांनीही काहींचे केस विरळ राहतात. तिथे केशरचनेचा दोष नसतो, आणि गोळी मनाने बंद करायची नसते.

मावशी दर पाच-सहा आठवड्यांनी जात राहिली. प्रत्येक वेळी मान आणि कानांवरचेच कापले, तिसऱ्या खेपेला वरची फक्त टोकं. सप्टेंबरात वरचे केस सहा सेंटिमीटरला आले. कुरळेपणा टोकांशीच राहिला होता, मुळाशी केस सरळ यायला लागले होते. एका सकाळी कंगवा फिरवताना भांग आपोआप डावीकडे पडला, तिच्या जुन्या जागी.