ग्रहण, गर्भवती आणि फराळाचे डबे

२०२२ साली लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, मंगळवारी २५ ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण आलं. घरोघरी चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले. नाशिककडच्या एका गावात विज्ञानाच्या सरांनी दोन दिवस आधी मारुतीच्या देवळात माणसं जमवली, तेव्हा पहिला प्रश्न फराळाचाच निघाला. सरांनी तो थोडा मागे ठेवला आणि विचारलं, “दिवस गेलेली बाई कुणाच्या घरात आहे?”

एका आजींच्या सुनेला सातवा महिना होता. “ग्रहणात तिनं काही चिरायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो,” आजी म्हणाल्या. सर हसले नाहीत. अशी बाळं असतात हे त्यांनी आधी मान्य केलं, आणि मग ओठ तयार कसा होतो ते सांगितलं. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येतात आणि मधे जुळतात. ही जुळणी गर्भारपणाच्या साधारण सातव्या आठवड्यापर्यंत पुरी होते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. सातव्या महिन्यातला ओठ केव्हाच जुळून गेलेला असतो. सुरीनं भोपळा चिरला म्हणून तो उलगडत नाही. जुळणी फसण्यामागे आनुवंशिकता, काही औषधं, तंबाखू, फॉलिक ॲसिडची कमतरता अशी कारणं असू शकतात. तसं बाळ जन्मलंच तर काही महिन्यांनी शस्त्रक्रियेनं ओठ शिवता येतो.

“मग माझ्या चुलत जावेच्या पोराचं काय? तेव्हा ग्रहण झालं होतं.” हा प्रश्न खरा अवघड. सरांचं उत्तर मला फार पटलं. असं बाळ झालं की घरचे मागचे नऊ महिने धुंडाळतात, आणि त्यात सूर्याचं नाहीतर चंद्राचं एखादं ग्रहण पुष्कळदा सापडतंच. त्याच ग्रहणात भाजी चिरून ज्यांची बाळं धडधाकट जन्मली, त्या बायकांची मोजदाद कुणीच ठेवत नाही. शिवाय दोष त्या आईच्या माथी बसतो, हेही ते ठामपणे बोलले.

मग त्यांनी पंचांगच उघडलं. वेध पाळताना बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना त्यात सवलत दिलेली असते. म्हणजे पोटुशीला दिवसभर उपाशी-तहानेली ठेवावं, असं परंपराही म्हणत नाही. तिला चक्कर येणं, अंगातलं पाणी कमी होणं, हा धोका मात्र खरा. फराळ नासतो तो दमटपणानं आणि शिळेपणानं. तेव्हा सूर्याचा फक्त पावभाग झाकणार होता. एखादा ढग आला तर ऊन त्याहून जास्त कमी होतं. “तुळशीपत्र ठेवायचंय तर ठेवा, पण डबे उकिरड्यावर ओतू नका.”

राहूबद्दल एका आजोबांनी विचारलं. सरांनी दोन बांगड्या एकमेकींत थोड्या तिरक्या अडकवल्या. एक सूर्याची वाट, दुसरी चंद्राची, दोन्हींत सुमारे ५ अंशांचा कल. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. बांगड्या जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे पंचांगातले राहू आणि केतू. अमावास्या त्यांच्याजवळ आली की चंद्र सूर्याला झाकतो. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात ग्रहणाचं कारण सावलीच सांगितलं आहे, आणि पंचांगकर्ते ग्रहणाची वेळ गणितानंच काढतात.

भीती बाळगायची तर डोळ्यांची, यावर सर सगळ्यात जास्त वेळ बोलले. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजताना काही जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यावर डाग दिसू लागतो, आणि तो कायमचाही राहू शकतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, हळदीच्या पाण्याची परात, यांतलं काहीही वापरायचं नाही. मावळतीचा सूर्य मऊ वाटतो, म्हणून तर जास्त जपायचं.

पाहायचं कसं, तेही त्यांनी करून दाखवलं. लहान आरशावर कागद चिकटवून त्याला अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडलं. उन्हात आरसा धरून कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर टाकायचा. आरसा भिंतीपासून १० मीटरवर असेल तर सूर्याचं बिंब सुमारे ९ सेंटिमीटरचं पडतं. आरसा जवळ असला तर कवडसा भोकाच्या आकाराचा दिसतो आणि ग्रहण कळतच नाही; मुलं नेमकी इथेच फसतात. आरशात मात्र कुणी डोकवायचं नाही.

शेवटी आजींनी विचारलं, “सूर्य ग्रासलेलाच मावळणार, मग सुटला हे कळणार कसं?”

“आपल्याला दिसणार नाही, आजी. मावळल्यावर थोड्याच वेळात चंद्र बाजूला होईल. अंघोळ तेव्हा करा. सूनबाईंना मात्र त्याआधीच जेवायला वाढा.”