स्लाइडवरची पेशी : आधी शेजारीण पाहा

दिवाळीच्या सुट्टीत महाडला बहिणीकडे गेले होते. भाची मुंबईला प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा कोर्स करते. कॉलेजने सरावासाठी पॅप स्लाइडचे मोठे केलेले फोटो दिले होते, ते घेऊन ती जवळ बसली. म्हणाली, "मावशी, मला सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. चांगली कुठली आणि बिघडलेली कुठली?" मी तीस वर्षे हेच काम केले. तिला सांगितले तेच इथे लिहिते. आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच मुली आता डीएमएलटी करतात, आणि घरातल्या आयाबहिणींचीही पॅप तपासणी होते. दोघींच्या कामी येईल.

पॅप तपासणीत गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी लाकडी चमच्याने किंवा ब्रशने हलकेच खरवडून काचेवर पसरतात आणि रंगवतात. तिथली कातडी थरांची असते. तळाच्या पेशी लहान व गोल असतात. वर सरकताना त्या मोठ्या, चपट्या होतात आणि त्यांचे केंद्रक आकसत जाते. रंग दिल्यावर केंद्रक निळे-जांभळे दिसते, भोवतीचे पेशीद्रव्य गुलाबी किंवा हिरवट-निळे. तव्यावर फुटलेल्या अंड्यासारखे समजा, मध्ये बलक आणि भोवती पसरलेला पांढरा भाग. आपली सगळी नजर बलकावर ठेवायची.

नवीन मुली इथेच चुकतात. एकच पेशी धरून बसतात आणि "मोठी आहे का?" असे विचारतात. मोठी कोणापेक्षा? मोजायला पट्टी हवी, आणि ती पट्टी त्याच काचेवर असते. मधल्या थरातली चांगली पेशी शोधायची. हिला इंटरमीडिएट पेशी म्हणतात. ती ऐसपैस, पातळ असते, कडा थोड्या दुमडलेल्या, आणि मध्ये लहान, गोल, मऊ रंगाचे केंद्रक. साधारण तांबड्या रक्तपेशीएवढे. संशयित पेशीचे केंद्रक या शेजारणीच्या केंद्रकाशी ताडून पाहायचे.

भाचीच्या फोटोत एक मिलिमीटर म्हणजे एक मायक्रॉन होता, त्यामुळे शाळेची पट्टीच घेतली. चांगल्या पेशीचे केंद्रक ७ मिमी रुंद भरले आणि पेशी ४५ मिमी. बाजूच्या संशयित पेशीचे केंद्रक १३ मिमी. भाची लगेच म्हणाली, "दुप्पटही नाही, मग नॉर्मलच ना?"

नाही. नियम रुंदीचा नाही, क्षेत्रफळाचा आहे. चटई दोन्ही बाजूंनी दुप्पट केली तर तिच्यावर चौपट माणसे बसतात, तसेच हे. ७ गुणिले ७ म्हणजे ४९, आणि १३ गुणिले १३ म्हणजे १६९. भागले तर जवळजवळ साडेतीन पट. केंद्रकाचे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त, रंग गडद आणि कड वाकडीतिकडी असेल, पण पेशी अजून मोठीच असेल, तर तो सौम्य बदल. रिपोर्टात त्याला लो-ग्रेड म्हणतात. अडीच ते तीन पटींच्या दरम्यान असले आणि बाकी खुणा स्पष्ट नसल्या, तर "अनिश्चित" या खान्यात जाते. रुंदीने पाहिले तर तिप्पट म्हणजे पावणेदोन पटींहूनही थोडे कमीच, म्हणून डोळा फसतो.

पण केंद्रक फुगले म्हणजे बिघडलेच असे नाही. काचेवर पसरलेल्या पेशी लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवाव्या लागतात. शिबिरात रांग मोठी असते, काच ट्रेमध्ये तशीच राहते आणि सुकते. सुकलेल्या पेशी पसरतात, केंद्रक मोठे दिसते. ओळखायचे कसे? अशा केंद्रकाचा रंग फिका आणि आतला पोत पुसट असतो, कड धूसर असते, आणि त्या भागातल्या सगळ्याच पेशी तशा दिसतात. शेजारीणही फुगलेली असेल तर आपली पट्टीच खोटी. तिथे निर्णय देऊ नये, काचेचा चांगला भाग शोधावा. तो नसेल तर स्लाइड पुन्हा मागवावी.

दुसरा फोटो जास्त गंभीर होता, आणि भाचीने तो बाजूलाच टाकला होता, कारण पेशी लहान होत्या. केंद्रक १० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम दुप्पट. पण पूर्ण पेशीच १४ मिमीची! १०० भागिले १९६, म्हणजे निम्मी जागा केंद्रकानेच अडवलेली. चांगल्या पेशीत ४९ भागिले २०२५, शंभरात अडीच भागसुद्धा नाहीत. शिवाय केंद्रक काळपट, आतला पोत जाड रव्यासारखा, आणि कडेला खाचा पडलेल्या. हा हाय-ग्रेड बदल. म्हणजे वाईट पेशी मोठीच असते असे नाही. जितका बदल खोल, तितकी पेशी बहुतेक वेळा लहान आणि केंद्रकाने भरलेली. या पेशी काचेवर मोजक्याच असतात, एखाद्या कोपऱ्यात ओळीने पडलेल्या. म्हणून काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढवत पाहायची.

तिसरा फोटोही लहान पेशींचाच. भाची आता उत्साहात, "हाय-ग्रेड!" मी तिला म्हटले, बाईचे वय सांग. फोटोखाली वय ५८ लिहिले होते, पाळी जाऊन दहा वर्षे. पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन घटते, पेशी वरच्या थरापर्यंत पिकत नाहीत आणि काचेवर तळाच्याच लहान पेशी येतात. केंद्रक त्यातही जागा जास्त अडवते. फरक कडेत आणि पोतात असतो. इथे कड गुळगुळीत, पोत बारीक व एकसारखा, आणि सगळ्या पेशी एकमेकींच्या बहिणी वाटतील इतक्या सारख्या. बिघडलेल्या पेशी एकमेकींशी जुळत नाहीत. तरीही शंका उरली तर डॉक्टर काही दिवस इस्ट्रोजेनचे मलम लावायला देऊन पुन्हा स्लाइड घेऊ शकतात. चांगल्या पेशी त्याने पिकतात, बिघडलेल्या तशाच राहतात आणि उठून दिसतात.

म्हणून पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून आलेल्या काचेसोबतच्या फॉर्मवर वय आणि शेवटची पाळी कोरी असली, की वाचणाऱ्याचे अर्धे डोळे बांधले जातात. तपासणीला जाताना या दोन गोष्टी सांगायला लाजू नका, आणि सिस्टरने लिहिल्या का तेही पाहा.

चांगल्या नजरेलाही मर्यादा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. निकाल २००९ मध्ये छापून आला. एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होते. एकदाच पॅप झालेल्या गटात तशी ठळक घट दिसली नाही. ब्रश नेमक्या जागी पोहोचला नाही तर बिघडलेली पेशी काचेवर येतच नाही. मग आम्ही कितीही मोजले तरी काय उपयोग? त्यामुळे "नॉर्मल" रिपोर्ट असूनही संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर डॉक्टरांकडे जायचेच. आणि "हाय-ग्रेड" आला तर तो कर्करोगाचा शिक्का नव्हे. दुर्बिणीतून तपासणी करून तुकडा काढल्यावरच निदान ठरते, पण त्या तपासणीला उशीर करू नये.

भाचीने पट्टी दप्तरात ठेवली आणि पहिला फोटो पुन्हा काढला. त्यात कोपऱ्यात, दोन मोठ्या पेशींच्या आड, चार लहान काळपट पेशी होत्या. त्या आम्ही दोघींनीही आधी पाहिल्या नव्हत्या.