तीन प्रकल्प, एक प्रश्न

पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी अर्ज करताना बायोडेटासोबत आणखी एक मजकूर मागतात. त्याला 'रिसर्च स्टेटमेंट' म्हणतात. आजवर काय केले आणि पुढे कशाचा शोध घ्यायचा आहे, हे त्यात साधारण दोन-तीन पानांत सांगायचे असते. अडचण अशी, की बहुतेकांचे प्रकल्प ठरवून एका मार्गाने गेलेले नसतात. एमएस्सीला गाइडने सुचवलेला विषय, मग वर्षभर कुठल्या तरी योजनेत प्रोजेक्ट असिस्टंटची नोकरी, पीएचडीला तिसरेच काही. मग 'आधी हे केले, नंतर ते केले' असा क्रम मांडला जातो. पण तो बायोडेटात दिसतोच. वाचणाऱ्या प्राध्यापकाला हवा असतो तो या कामांतून तयार झालेला प्रश्न.

तो कसा सापडतो, हे एका कल्पित उमेदवाराच्या उदाहरणातून पाहू. तिचा विषय भूजल. एमएस्सीत तिने बेसॉल्टच्या प्रदेशातल्या एका पाणलोटात विहिरींची पातळी मोजली. नोकरीत 'ग्रेस' उपग्रहांच्या नोंदींवर काम केले; गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून जमिनीतल्या पाण्याची घट-वाढ त्या नोंदी सांगतात. पीएचडीत पावसाच्या आणि विहिरींच्या पाण्यातली ऑक्सिजन व हायड्रोजनची समस्थानिके तपासली. वरवर पाहता तीन कामे, तीन वेगळी यंत्रे.

आता प्रत्येक कामापुढे तीन ओळी लिहायच्या: काय विचारले, काय कळले, काय कळले नाही. दुवा बहुधा तिसऱ्या ओळीत असतो. विहिरींच्या पातळीवरून पाणी किती चढले हे कळले, पण ते आले कुठून हे नाही. ते समस्थानिकांनी सांगितले: तलावातल्या पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी निघून जातात आणि मागे राहिलेल्या पाण्यात जड समस्थानिकांचे प्रमाण वाढते. हा ठसा ज्या विहिरीत सापडतो, तिला पाझर तलावाचे पाणी मिळत असण्याची शक्यता मोठी. पण हे उत्तर मोजक्या विहिरींपुरते. उलट 'ग्रेस' शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रदेशाची सरासरी देतो. एका गावाचा पाणलोट त्याला वेगळा दिसतच नाही.

तिन्ही तिसऱ्या ओळी शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो: भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये एका पाणलोटात दिसणारे पुनर्भरण संपूर्ण प्रदेशाच्या हिशेबात कसे बसवायचे? निवेदनाचे पहिले वाक्य हेच. त्यानंतर कामांचा क्रम वर्षांप्रमाणे न लावता या प्रश्नाच्या गरजेप्रमाणे लावायचा: विहिरी, समस्थानिके, उपग्रह. नोकरी पीएचडीच्या आधीची असली तरी ती शेवटी येईल. मात्र 'मी सुरुवातीपासून याच दिशेने निघाले होते' असे लिहू नये. दिशा मागे वळून पाहताना दिसली, असे सांगण्यात काहीच कमीपणा नाही, आणि मुलाखतीत तेच टिकते.

दुवा खरा की ओढूनताणून जोडलेला, हे दोन रीतींनी तपासता येते. एक प्रकल्प झाकून पाहावा. त्याच्याशिवायही पुढची योजना जशीच्या तशी उभी राहत असेल, तर तो प्रकल्प नुसता शेजारी ठेवलेला आहे. त्याला एक वाक्य पुरे किंवा तो बायोडेटातच राहू द्यावा. दुसरे, मध्यवर्ती वाक्य दुसऱ्या कुणाच्या निवेदनात घालून पाहावे. 'शाश्वत जलव्यवस्थापनात मला रस आहे' हे वाक्य शेकडो अर्जांत बसेल, म्हणून ते काहीच सांगत नाही. वरचा प्रश्न मात्र ही तिन्ही कामे हाताळलेल्या माणसालाच असा सुचतो.

प्रत्येक कामात स्वतःचा वाटा वेगळा सांगावा लागतो. 'आम्ही नमुने तपासले' यातून काही कळत नाही. 'नमुने गोळा करण्याची आखणी आणि विश्लेषण माझे, मोजणी प्रयोगशाळेने केली' यातून कळते.

निम्मी जागा पुढच्या कामासाठी राखावी, आणि ते पोस्टडॉकच्या मुदतीत मावेल एवढेच असावे. आपल्या उमेदवाराने दोन वर्षांत सारा दख्खन मोजण्याचे आश्वासन देऊ नये. दोन वेगळ्या पाणलोटांत विहिरी आणि समस्थानिके एकत्र अभ्यासून पुनर्भरणाचे प्रारूप बांधणे, आणि त्यापैकी एकात बांधलेले प्रारूप दुसऱ्यात लागू पडते का हे पाहणे, एवढे शक्य आहे. लागू पडले नाही, तर खडकाची कोणती गुणवैशिष्ट्ये आड आली हे शोधायचे, तेही लिहून ठेवावे. शेवटी, प्रारूप बांधण्याचे जे कौशल्य तिच्याकडे अजून नाही, ते नेमके याच प्रयोगशाळेत कोणत्या कामातून मिळेल, हे नाव घेऊन सांगावे. हा परिच्छेद प्रत्येक अर्जासाठी नव्याने लिहावा लागतो. मधला प्रश्न मात्र सगळीकडे तोच राहतो.